पूरियाचा निषाद: इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा दुरुस्ती केंद्रातून "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत आला, आणि न सापडलेल्या दोषाच्या तपासणीचे साडेतीनशे रुपये मला भरावे लागले. तक्रार एकच होती: पहिली तार निषादावर ठेवली की पूरिया जमत नाही. तेथील तंत्रज्ञाने ट्यूनर लावून निषाद अगदी काट्यावर असल्याचे दाखवले. त्याचा काटा खोटा नव्हता, पण माझा कानही खोटा नव्हता.

पंचमावर हे यंत्र मला पूर्ण समाधान देते. यमन, भूप किंवा बिहाग गाताना अकरा महिन्यांत एकदाही अडचण आली नाही. पूरियात मात्र पंचम वर्ज्य आहे, आणि पंचमाची तार छेडली की केवळ पंचमच वाजत नाही. तिच्या तिसऱ्या स्वनातून शुद्ध रिषभ उमटतो आणि तो आपल्या कोमल रिषभाच्या अंगावर येतो. म्हणून तार निषादावर घ्यायची. मग चित्रच पालटते: निषादाच्या तारेचा तिसरा स्वन म्हणजे तीव्र मध्यम, आणि खर्जातून गंधार स्वतःच निघतो. निषाद, गंधार, तीव्र मध्यम ही पूरियाची हाडे तंबोऱ्यातच उभी राहतात. गायकाला षड्जावर बसायची घाई उरत नाही. 'नी रे ग' म्हणून गंधारावर थांबले तरी आधार मिळतो, आणि या रागाची ती संध्याकाळची अधांतरी, आतल्या आत ओढणारी अवस्था तिथूनच येते.

हे सगळे निषाद नेमका असेल तरच. माझी पट्टी काळी एक, म्हणजे षड्ज सेकंदाला सुमारे 138.6 आंदोलनांचा. खर्जातून निघणाऱ्या गंधाराशी जुळणारा मंद्र निषाद साधारण 129.9 आंदोलनांवर येतो, तर यंत्राचा निषाद हार्मोनियमच्या समान अंतरांच्या सप्तकातला, म्हणजे 130.8 वर. फरक एका आंदोलनाहून कमी आहे, सेंटमध्ये बारा. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्या तारेवर गंधार लांबवून धरला की स्वर सेकंदाला तीन-साडेतीन वेळा थरथरतो. ही थरथर बराच काळ मी माझ्या गळ्याचा दोष समजत होतो. आमच्या गुरुजींनी एका संध्याकाळी पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "गळा ठीक आहे, नी चढला आहे. तो उतरव, गंधार आपोआप बसेल."

आता मला माझेच मत बदलावे लागले, कारण यंत्राच्या पहिल्या तारेला बारीक सुधारणेची कळ आहे. एका दाबाने निषाद दोन सेंट उतरतो. सहा दाबांनंतर थरथर थांबली आणि तीव्र मध्यम तारेतून स्वच्छ ऐकू येऊ लागला. म्हणजे यंत्र चांगले आहे. पण विजेचे बटण बंद केले की ते ही सुधारणा विसरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा दाब! एवढी किंमत मोजल्यावर ही आठवण त्याने ठेवायला हवी होती, आणि ही उणीव मी माफ करू शकत नाही. काही संध्याकाळी मी विसरतो आणि अर्धा तास चढ्या निषादावर गातो, हे मला खरोखर लागते.

घरचा मिरजेचा तंबोरा याच निमित्ताने बाहेर काढला आणि त्यावर एक तार तोडून घेतली. चूक माझी होती. पंचमाच्या तारेलाच ताणून निषादापर्यंत न्यायचे म्हणजे तिच्यावरचा ताण सुमारे दीडपट होतो, आणि माझ्या तंबोऱ्यात ती तार जोडीच्या तारांपेक्षा जाड आहे. निषाद हा जोडीच्या षड्जाच्या जेमतेम एका घराने खाली आहे, त्यामुळे तिथे जोडीच्याच मापाची पोलादी तार घालायला हवी. तशी घातल्यावर खुंटीने स्वर जवळ आणला, उरलेले काम मण्याने केले, आणि घोडीवरचा दोरा केसभर सरकवताच जवारी उघडली.

इंदूरच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात आणि कोरड्या थंडीत घसरतात, म्हणून रोजच्या रियाजाला मी यंत्रच वापरणार आहे. पूरिया आणि मारवा मात्र आता तंबोऱ्यावर. ज्यांना फक्त पंचमाचे राग गायचे आहेत त्यांनी हे यंत्र निःशंक घ्यावे. ज्यांना पूरिया गायचा आहे त्यांनी दुकानात पहिली तार निषादावर ठेवून गंधार दहा सेकंद धरावा, सुधारणा करावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे आणि तोच गंधार पुन्हा धरून पाहावा.