दूध काढायच्या मशीनच्या नावाखाली ६४ हजाराला टोपी

आकडा आधीच सांगतो. मशीन ६२,५०० आणि बसवणावळ १,५००, म्हणजे ६४,००० रुपये. त्यातले २०,००० मोबाइलवरून पाठवले, उरलेले रोख मोजून दिले. पक्कं बिल नाही. आता हसा.

माझ्याकडे दहा गाई, त्यातल्या आठ दुधात. आईचे गुडघे गेले, गडी टिकत नाही, दोन्ही वेळेला धार काढून माझी बोटं वळायची बंद झाली होती. म्हणून ट्रॉलीवरची, एका बादलीची छोटी मशीन घ्यायचं ठरवलं. विकणारा घरी येऊन बसला, चहा प्यायला, 'अर्धे पैसे अनुदानाचे खात्यावर येतील' म्हणाला. कोणत्या योजनेतून, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

पण खरं डोकं आपटावंसं वाटतं ते प्रात्यक्षिकाच्या वेळचं. त्याने गाय लावलीच नाही. बादलीत पाणी घेतलं, कप त्यात बुडवले, पाणी सर्रकन ओढलं गेलं आणि आम्ही सगळे खूश. व्हॅक्यूमच्या मीटरचा काटा ४४ वर होता. मोटार बंद केली, नळी काढली, तरी काटा ४४ वरच! मी विचारलं, 'हा खाली का येत नाही?' तो म्हणाला, 'टाकीत व्हॅक्यूम साठून राहतो, दादा.' आणि मी मान डोलावली. अरे, नळी उघडी पडली की हवा आत शिरणार आणि काटा शून्यावर येणारच. एक कप उघडा ठेवला तरी काटा खाली जाऊन परत वर यायला हवा. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. पण माणूस घरात आलेला, पैसे काढून ठेवलेले, शेजारी उभे. त्या वेळी तोंड उघडत नाही. ज्याच्यावर आली नाही त्याने बोलू नये.

तिसऱ्या दिवसापासून गाई लाथा झाडायला लागल्या. 'नवीन आहे, सवय होईल,' असं तो फोनवर म्हणाला. कप काढले की सड निळसर दिसायचे, मुळाशी दोरी बांधल्यासारखा वळ. दोन आठवड्यांत सडाच्या टोकाला पांढरी खरखरीत कडी धरली. मग एकीची कास दगडी, मग आणखी दोघींची. तिघींच्या उपचाराला ९,४०० गेले. औषधाचं दूध सात दिवस ओतलं, २३१ लिटर. ३२ च्या दराने ७,३९२ रुपये. एका गाईचा मागचा डावा सड कायमचा गेला, त्याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

शेवटी ओळखीचा एक मेकॅनिक स्वतःचा मीटर घेऊन आला. तो जोडला तर काटा ६१ वर गेला. एवढ्याशा मशीनला ४२ ते ५० किलोपास्कल पुरे असतात. ज्यांच्या मीटरवर पाऱ्याचे मिलिमीटर आहेत त्यांनी ५० म्हणजे साधारण ३७५ धरावे. आमचा मीटर मेलेला होता आणि रेग्युलेटरचा स्क्रू तळापर्यंत आवळलेला. जादा व्हॅक्यूम झाला की बाहेरची हवा आत घेऊन तो आवरणं हे रेग्युलेटरचं काम. चालू मशीनवर तिथून हवेचा सूं आवाज यायला हवा. आमचा मुका होता आणि मला वाटलं, वा, किती शांत चालतंय!

दुसरी लबाडी पल्सेटरची, म्हणजे कपातलं दाबणं-सोडणं चालवणाऱ्या भागाची. मेकॅनिकने घड्याळ लावून टकटक मोजायला सांगितली. मिनिटाला ९६! हव्यात ६० च्या आसपास. 'फास्ट आहे, पाच मिनिटांत गाय मोकळी,' असं विकताना सांगितलं होतं. सेकंदाला एक ठोका धरला तर त्यातला साठ टक्के वेळ कपातला रबरी लायनर उघडा राहतो आणि दूध येतं, चाळीस टक्के तो मिटून सड दाबतो, म्हणजे रक्त मागे फिरतं. ठोका एवढा पळवला की लायनर पुरता मिटतच नाही, सडाला विसावा मिळत नाही. त्यावर ६१ चा ओढा. गाय लाथ मारणार नाही तर काय करणार? तपासणी फुकटची आहे: चालू मशीनच्या कपात अंगठा घाला. दर सेकंदाला दाबलं-सोडलं असं स्पष्ट जाणवलं पाहिजे. नुसतं ओढल्यासारखं लागलं तर पैसे देऊ नका.

आणि हो, कप ओढून काढू नका. चारही कप जिथे जोडलेले असतात त्या क्लॉचा व्हॅक्यूम आधी बंद करा, कप आपोआप सैल पडतात. दूध संपल्यावर 'आणखी थोडं येईल' म्हणून लावून ठेवणं हीही चूकच, आणि ती मी केलीय.

धुण्याचं तर विचारूच नका. सोबत दिलेली 'स्पेशल पावडर' वासावरून साधी कपड्यांची निघाली. 'पाणी फिरवा, झालं,' एवढीच शिकवणी. उन्हाळ्यात तीन वेळा संकलन केंद्रावर उकळून बघताना दूध फाटलं: ४३, ४५ आणि ४१ लिटर, म्हणजे ४,१२८ रुपये. क्लॉ उघडला तर झाकणाखाली बोटाला लागेल असा पिवळा थर, आमच्या बोअरच्या जड पाण्याने आणखी घट्ट झालेला. आता धार संपल्या संपल्या कोमट पाणी ओढतो. आधीच कढत पाणी घातलं तर दूध आत शिजून चिकटतं. मग सत्तर अंशांच्या पाण्यात डेअरीचा अल्कली साबण, ब्रश, परत साधं पाणी. आठवड्यातून एकदा आम्लाची धुलाई, पण दोन्ही औषधं कधीच एकत्र नाहीत. कप उलटे टांगून निथळतो. लायनरला 'दोन वर्षं बघायचं नाही' म्हणाला होता. रबराचा लायनर साधारण २,५०० दोहनांचा असतो. आठ गाई, दोन वेळा, म्हणजे रोज सोळा. पाच महिन्यांत संपला.

सगळं मिळून ८४,९२० रुपये.

आता साहेब लोकांचं ऐका. अनुदानासाठी कार्यालयात गेलो तर, 'पूर्वसंमतीशिवाय घेतलेल्या यंत्राला काही मिळत नाही.' मग मशीन तरी बघा म्हटलं, तर 'ते आमच्याकडे येत नाही.' कुणाकडे येतं? 'वर विचारा.' वर गेलो, साहेब दौऱ्यावर. तीन फेऱ्या, तिन्ही वेळेला दौऱ्यावर! पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' म्हणत अर्जाची पोचसुद्धा देईनात, एक तास बसलो तेव्हा शिक्का मिळाला. एकाने तर 'घ्यायच्या आधी चौकशी करायची ना' असं ऐकवलं. चौकशी कुणाकडे करायची होती, तुमच्याकडे?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. विक्रेत्याने उत्तर दिलं की दूध हा धंदा आहे, हा ग्राहकच नव्हे. खोटं आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पावती नसेल तर मोबाइलवरून पैसे गेल्याची नोंद जपा. माझी केस त्या २०,००० वरच उभी आहे. रोख ४४,००० चं काय, देव जाणे.

मीटर, रेग्युलेटर, पल्सेटर बदलून मशीन आता चालते. जुना मीटर टाकला नाही, पुढच्या तारखेला दाखवायचाय. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. काटा अजून ४४ वरच आहे.