सोयाबीन पेरणीच्या सतरा सूचना की तीनच?

मृग लागायच्या आधी गावच्या शेतकरी ग्रुपवर टाकायला माझ्याकडे सतरा सूचना तयार होत्या. एकही चुकीची नव्हती. अडचण एवढीच की यादीत सगळ्या एकाच वजनाच्या दिसत होत्या. दोन ओळींत ४५ सेंमी अंतर ठेवा आणि बियाण्याची उगवण तपासा, या दोन्ही शेजारी शेजारी. पहिलं थोडं इकडेतिकडे झालं तर फार बिघडत नाही. दुसरं चुकलं तर दुबार पेरणी.

म्हणून प्रत्येक सूचनेला एकच प्रश्न लावला: हे चुकलं तर पेरल्यावर सुधारता येतं का? कोळपणी आणि फवारण्या लगेच गळाल्या, त्यांची वेळ पुढे येते. खतही गाळलं, पेरताना खताची गोणी आमच्याकडे कुणी विसरत नाही. उरलं ते असं:

१. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटावर मांडून गुंडाळी करा, सावलीत ओलसर ठेवा, पाच-सात दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो. ६० उगवले तर ३५ किलो. त्याहून कमी असेल तर बियाणं बदला.

२. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. पहिल्या सरीला वरची माती भिजते, खालची कोरडीच राहते, आणि मग पावसाने ओढ दिली की कोंब करपतो.

३. खोली ३ ते ४ सेंमी. खोल गेलेल्या दाण्यावर माती दबली की त्याला वर येता येत नाही.

काढायला सगळ्यात जड गेली ती बीजप्रक्रिया. चौथा मुद्दा म्हणून ती हक्काची होती, पण एका ओळीत मावत नाही. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर अगदी शेवटी रायझोबियम, तेही सावलीत. क्रम गाळून नुसतं ‘बीजप्रक्रिया करा’ लिहिलं, तर कुणीतरी दोन्ही एकत्र कालवणार आणि जिवाणू मरणार. इथे लांब यादीच सरस. पहिल्यांदाच सोयाबीन पेरणाऱ्यालाही मी सतराचाच कागद देतो, समोर बसवून.

तीनचा मोह मात्र फसवाही असतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात पहिला मुद्दा होता, ‘चांगलं बियाणं निवडा, तपासा, प्रक्रिया करा आणि वेळेत आणा.’ आकडा एक, कामं चार! क्रियापदं मोजली की ही लबाडी लगेच कळते.

जुने हात असतील आणि फोनवरच वाचणार असतील, तर तीनच पाठवा, पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी. उगवण तपासायला आणि गरज पडली तर बियाणं बदलायला तेवढे दिवस लागतातच. उगवणीपूर्वीच्या तणनाशकाचा मेसेज वेगळा, पेरणीच्या आदल्या दिवशी, कारण ते पेरल्यावर ४८ तासांच्या आत मारावं लागतं.