इतिवृत्तावर हरकत आली: मजकूर बदलावा की दुरुस्तीची नोंद जोडावी?

इतिवृत्त सगळ्यांना गेले आणि दुसऱ्या दिवशी एका सदस्याचा मेल आला: "मुद्दा 4 मध्ये करार 6 महिने वाढवायचे ठरले, असे लिहिले आहे. तसे ठरले नव्हते. नवे दर आल्यावर बघू, असे म्हटले होते." अशा वेळी एक तर मूळ फाइलमध्येच वाक्य बदलून ती पुन्हा पाठवता येते, नाहीतर मूळ प्रत तशीच ठेवून तिला दुरुस्तीची नोंद जोडता येते.

पहिली पद्धत सोपी आहे आणि नंतर वाचणाऱ्याला एकच स्वच्छ प्रत मिळते. नावातली चूक किंवा चुकलेली तारीख असेल तर हेच करावे. त्यासाठी वेगळी नोंद म्हणजे उगाच पसारा.

पण निर्णयच वादात असेल तेव्हा ही पद्धत अडचणीत आणते. पहिली प्रत सगळ्यांच्या मेलमध्ये आधीच पोचलेली असते. खरेदी पाहणाऱ्याने तेवढ्यात मुदतवाढीचे पत्र टाकलेले असते आणि विचारल्यावर तो जुनी प्रत पुढे करतो. नवी प्रतही त्याच नावाची, त्याच तारखेची! कोणते वाक्य कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे दोन प्रती शेजारी ठेवून शोधत बसावे लागते. सामायिक फाइलचा बदल-इतिहास शब्द कोणते बदलले ते दाखवतो, कारण दाखवत नाही. माझा कल दुसरीकडे झुकला तो मुख्यतः यामुळे.

नोंद लांबलचक नको. वरच्या उदाहरणात एवढे पुरते: "दुरुस्ती 1, मुद्दा 4. मूळ: करार 6 महिने वाढवायचे ठरले. दुरुस्त: नवे दर आल्यावर निर्णय घ्यायचा. आधार: सचिवांचे टिपण. मान्यता: अध्यक्ष, तारीख. परिणाम: मुदतवाढीचे काम थांबवावे." परिणामाची ओळ बरेचदा राहून जाते आणि खरे नुकसान तिथेच होते. ही नोंद मूळ यादीतल्या प्रत्येकाला पाठवावी, फक्त हरकत घेणाऱ्याला नव्हे. फाइलच्या नावात "अंतिम" लिहू नये, "दुरुस्ती 1" लिहावे.

त्याआधी हरकत नेमकी कशावर आहे, ते तपासायला हवे. बैठकीत जे बोलले गेले ते चुकीचे लिहिले असेल, तर ती दुरुस्ती. बोललेले बरोबर लिहिले आहे, पण सदस्याचे मत आता बदलले आहे, तर तो पुढच्या बैठकीचा विषय. इतिवृत्ताला हात लावू नये. टिपणातून उलगडा होत नसेल आणि उपस्थितांचेही एकमत नसेल, तर सचिवाने स्वतः निवाडा न करता "मुद्दा 4 च्या नोंदीवर हरकत, पुढील बैठकीत निर्णय" असे लिहावे आणि तोवर त्या मुद्द्यावरची कामे थांबवावीत.

पाच-सहा जणांचा गट असेल आणि सगळे रोज भेटत असतील, तर पहिली पद्धतही चालून जाईल. मात्र पैसे, मुदत किंवा जबाबदारी यांपैकी काही बदलत असेल, तर गट लहान असला तरी मूळ प्रत बदलू नये, असे वाटते.