पगारातून हप्ता कापला गेला, पण पतसंस्थेत पोहोचलाच नाही

कंपनीतल्या कर्मचारी पतसंस्थेचं कर्ज काढलं की हप्त्याची चिंता नसते, असं आपण सगळेच धरून चालतो. पगार हातात यायच्या आधीच हप्ता कापलेला असतो, मग थकेल कसा? माझा थकला. दर महिन्याला पगारपत्रकात कपात दिसत होती आणि तरीही संस्थेच्या दप्तरी मी थकबाकीदार झालो. मी कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून संपलेलं नाही. पण हे घडतं कसं ते नीट सांगतो. ज्यांच्या पगारातून अशी कपात होते त्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं.

कपातीची रीत अशी असते. महिन्याच्या ठरावीक तारखेला पतसंस्था कंपनीच्या पगार विभागाला वसुलीची यादी पाठवते. त्यात प्रत्येक सभासदाचा हप्ता, व्याज आणि मासिक वर्गणी असते. पगार विभाग त्याप्रमाणे रक्कम कापतो आणि मग कंपनीचं अकाउंट्स खातं एकत्रित रकमेचा चेक संस्थेला देतं. म्हणजे कापणारा एक, चेक देणारा दुसरा आणि आपल्या खात्यावर जमा टाकणारा तिसरा. पगारपत्रक यातल्या फक्त पहिल्या माणसाचं काम दाखवतं. पुढच्या दोघांनी काय केलं ते त्यावर कुठेच दिसत नाही.

माझं कर्ज दोन लाखांचं होतं. १२ टक्के व्याज, घटत्या शिलकेवर, ६० हप्ते. हप्ता ४,४४९ रुपये आणि वर्गणी ५००. पगारपत्रकात या दोन्हींची मिळून एकच ओळ यायची : 'सोसायटी ४,९४९'. पहिले २० हप्ते व्यवस्थित जमा झाले. त्यानंतर कंपनीला पैशांची चणचण भासू लागली आणि आमच्या पगारातून कापलेली रक्कम कच्च्या मालाच्या देण्यांकडे वळवली गेली. कपात मात्र एकाही महिन्यात थांबली नाही.

संस्थेच्या सचिवांना हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ते, अध्यक्ष आणि जवळजवळ सगळं संचालक मंडळ त्याच कंपनीत नोकरीला. मालकाला पत्र लिहायचं कोणी? त्यांनी आमच्या खात्यांवर हप्ते जमा दाखवले आणि समोर 'कंपनीकडून येणे' अशी रक्कम चढवत राहिले. त्यामुळे पासबुक भरून घेणाऱ्यालाही संशय आला नसता. लेखापरीक्षणात हे उघडं पडलं. प्रत्यक्ष पैसा आलेला नसताना सभासदाचं कर्ज फिटलं असं दाखवता येत नाही, असा शेरा आला आणि एका दिवसात ११ महिन्यांच्या जमा नोंदी उलट्या फिरवल्या गेल्या. माझ्या पासबुकात त्या तारखेला ओळीने नावे टाकलेल्या ११ नोंदी आहेत, प्रत्येकीपुढे 'जमा रद्द'.

आता हिशेब बघा. ३१ हप्ते कापले गेल्यावर माझ्याकडे सुमारे १,११,५०० रुपये बाकी राहायला हवी होती. संस्थेने व्याजासह बाकी काढली सुमारे १,६२,०००. शिवाय दंडव्याज वेगळं. पगारातून त्या काळात हप्त्यांचे ४८,९३९ रुपये गेले होते, ते कुठेच नव्हते. वर्गणीचे ५,५०० सुद्धा नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या जामीनदारांचं. थकबाकीची पहिली नोटीस मला नाही, माझ्या एका जामीनदाराला मिळाली. आमच्याच खात्यातले वयाने मोठे गृहस्थ, निवृत्तीला आलेले. ते माझ्याकडे येऊन एवढंच म्हणाले, "अरे, तू हप्ते भरत नाहीस का?" मी त्यांच्यासमोर पगारपत्रकं ठेवली. त्यांनी स्वतःचं पासबुक काढून बघितलं, तर त्यांचीही तीच गत.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की पोलिसांत गेलं की मालक ताळ्यावर येईल. अर्ज दिला, पण काम हललं नाही. पीएफ आणि ईएसआयच्या कपातीबद्दल फौजदारी कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की ती रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपवलेली मानायची. पतसंस्थेच्या कपातीचा तसा उल्लेख तिथे नाही, त्यामुळे 'हा दिवाणी वाद आहे' असं सांगून वाटेला लावणं सोपं जातं.

खरा आधार सापडला तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये. कर्ज घेताना आपण पगारातून कपात करायला संमती देणारा करार सही करून देतो. त्याच्या जोरावर संस्थेने मालकाकडे लेखी मागणी केल्यावर कपात करून रक्कम संस्थेला देणं मालकावर बंधनकारक ठरतं. कापलेली रक्कम त्याने दिली नाही तर तो स्वतः जबाबदार ठरतो आणि ती त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. सगळं 'लेखी मागणी' या एका गोष्टीवर अवलंबून आहे. आमच्या संस्थेतल्या एका जुन्या कारकुनाने दर महिन्याच्या यादीची कंपनीच्या शिक्क्यासह पोचप्रत फाइलला लावली होती. त्या माणसाचे उपकार आहेत. यादी फोनवर पाठवून मोकळे होणाऱ्या संस्थेच्या हातात असा पुरावा राहत नाही.

संस्थेने मात्र कंपनीला सोडून आमच्यावरच कलम १०१ खाली, थकबाकी सक्तीने वसूल करता येईल अशा वसुली दाखल्यासाठी, सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज केला. अशा अर्जाचं समन्स आलं तर घरी बसू नका. बरेच जण म्हणतात, बघू पुढे अपिलात. वसुली दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून जे म्हणायचं ते निबंधकांसमोरच्या पहिल्या सुनावणीतच, लेखी आणि कागदांसह म्हणायचं. मी पगारपत्रकं, कपातीच्या कराराची प्रत आणि मागणी याद्यांच्या पोचप्रती जोडल्या. कलम ४९ प्रमाणे ही रक्कम मालकाकडून वसूल करावी, माझ्याकडून नाही, असं म्हणणं दिलं. जामीनदारांनीही वेगळं म्हणणं दिलं. ते गप्प राहिले असते तर दाखला त्यांच्याही नावावर निघू शकला असता.

निबंधक कार्यालयाने संस्थेला कंपनीविरुद्ध काय कारवाई केली ते विचारलं. त्यानंतर संचालक मंडळाने कंपनीला पहिली रीतसर नोटीस काढली आणि कंपनीने मुद्दल हप्त्याहप्त्याने द्यायला सुरुवात केली आहे. त्या ११ महिन्यांचं व्याज आणि दंडव्याज कोणी सोसायचं हा वाद चालू आहे. माझ्या मते त्यातला एक रुपयाही सभासदाचा नाही.

तुम्ही कर्जदार असाल किंवा कुणाला जामीन असाल, तर पासबुकावर थांबू नका. संस्थेकडे लेखी अर्ज करून खातेउतारा मागा आणि कंपनीचा चेक कोणत्या तारखेला आला, कोणत्या महिन्याचा होता, बँकेत कधी वटला, हेही त्याच अर्जात विचारा. राजीनामा दिलेल्या सहकाऱ्याचे शेअर आणि वर्गणी परत मिळायला संस्था टाळाटाळ करत असेल, किंवा नवी कर्जं अचानक बंद झाली असतील, तर तो अर्ज आजच करा. पगारपत्रकं कंपनीच्या पोर्टलवरच ठेवू नका, उतरवून घ्या. नोकरी गेली की पोर्टलचा पासवर्डही जातो, आणि सुनावणीत तुमच्या बाजूने बोलणारा पहिला कागद तोच असतो.