कॉयर की मेमरी फोम: न झोपता गादी निवडताना

गगनबावड्यातलं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या दुकानात फोनवरून गादी मागवतं, तेव्हा हाताशी फक्त वर्णन असतं. दोन्ही गाद्यांवर ‘६ इंच, मध्यम कडक’ लिहिलं, तर त्याला काय कळणार?

कॉयरमध्ये नारळाचा काथ्या रबराने बांधलेला असतो. अंग फारसं रुतत नाही, हवा खेळती राहते. उताणं झोपणाऱ्याला मी हीच सुचवेन. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा मात्र अवघडतो.

मेमरी फोमच्या ६ इंचांत खरा मेमरी फोम बहुधा वरचा १-२ इंचच असतो, खाली साधा फोम. म्हणून थरांची जाडी वेगवेगळी विचारा. ‘१ अधिक ५’ आणि ‘२ अधिक ४’ या एकाच उंचीच्या दोन निराळ्या गाद्या आहेत. खांदा सामावून घ्यायला वरचा थर २ इंच हवा. थंडीत हा फोम आधी कडक लागतो, अंगाच्या उबेने मऊ होतो. वर्णनात हे लिहायलाच हवं.

उशीही यावरच ठरते. कॉयरवर खांदा वर राहतो, म्हणून कुशीवर झोपणाऱ्याला जाड उशी लागते. फोमवर खांदा खाली जातो, तिथे तीच उशी मान वाकडी करते.

चाचणीची मुदत नुसती ‘१०० रात्री’ वाचून खूश होऊ नका. गुंडाळून आलेली गादी उघडली की फुगते, घरी पुन्हा तशी दाबून बांधता येत नाही. गावातून ती कोण उचलणार, भाडं कुणाचं आणि डाग पडला तर पैसे परत मिळणार का, हे आधी लेखी घ्या.