सीसीएनए: डंप पाठ करून की लॅब करून?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये सीसीएनएचा डंप आहे, हे मी गृहीत धरतो. परीक्षेची फी ३०० डॉलर, वेळ १२० मिनिटं आणि घरचे विचारतायत, 'कधी देणार?' अशा वेळी दोन आठवड्यांत प्रश्नोत्तरं पाठ करून मोकळं व्हावंसं वाटणं मला समजतं. म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघू, आणि त्यासाठी ओएसपीएफचा एकच विषय घेऊ.

डंपमध्ये प्रश्न साधारण असा असतो: दोन राउटर ओएसपीएफ शेजारी होण्यासाठी काय जुळावं लागतं? उत्तर पाठ होतं: हॅलो आणि डेड टायमर, एरिया, सबनेट. उत्तर बरोबर आहे आणि परीक्षेत गुणही मिळतात. इथपर्यंत डंपवाला आणि लॅबवाला अगदी बरोबरीत आहेत, किंबहुना डंपवाला तीन महिने पुढे आहे.

आता मुलाखतीला या. समोरचा माणूस स्क्रीन फिरवतो:

```
R1# show ip ospf neighbor
Neighbor ID  Pri  State        Dead Time  Address    Interface
2.2.2.2      1    EXSTART/BDR  00:00:36   10.1.12.2  Gi0/0
```

आणि विचारतो, 'हे दहा मिनिटं असंच आहे. काय तपासाल?'

पाठ केलेला म्हणतो, 'टायमर बघतो, एरिया बघतो.' मुलाखत घेणाऱ्याला तेवढ्यावरूनच कळतं. टायमर किंवा एरिया जुळत नसता, तर तो शेजारी या यादीत दिसलाच नसता. हॅलो पाकिटात हे तपशील असतात आणि ते जुळले नाहीत तर राउटर ते हॅलो टाकूनच देतो. इथे शेजारी दिसतोय, म्हणजे तो टप्पा पार पडलाय. गाडी पुढे, डेटाबेसची माहिती देण्याघेण्यापाशी अडली आहे.

ज्यानं लॅबमध्ये `ip ospf hello-interval 5` एकाच बाजूला टाकून चाळीस सेकंदांत शेजारी यादीतून गायब होताना पाहिलंय, तो हा फरक विसरत नाही. तो शांतपणे म्हणतो, 'दोन्ही बाजूंचा एमटीयू बघतो.' डेटाबेस डिस्क्रिप्शन पाकिटात एमटीयू लिहिलेला असतो. एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला १४०० असेल, तर लहान एमटीयूचा राउटर मोठ्याचं पाकीट नाकारतो आणि जोडी EXSTART किंवा EXCHANGE मध्ये अडकते. `show ip interface Gi0/0` दोन्हीकडे चालवलं की आकडे दिसतात. `ip ospf mtu-ignore` टाकून शेजार पूर्ण होईलही, पण एमटीयूचा फरक तसाच राहतो आणि पुढे मोठी पाकिटं अडू शकतात. म्हणून आधी एमटीयू सारखा करायचा. हे शेवटचं वाक्य जो बोलतो, त्याला मी तरी लगेच घेईन.

नोकरी लागल्यावर ही दरी वाढतच जाते, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. एनओसीमध्ये पहिल्या पातळीवर तिकीट वर ढकलता येतं. दुसऱ्या पातळीवर ते तुमच्याकडेच येतं. तिथे पर्याय दिलेले नसतात, रात्री दोन वाजता ग्राहक फोनवर असतो. ज्याला कारणापर्यंत जाता येत नाही, तो वर्षानुवर्षं तिकिटं ढकलत राहतो. त्यात सीसीएनए तीन वर्षांनी संपतं. पुढे सीसीएनपीच्या एनकोर परीक्षेत ओएसपीएफ पुन्हा येतो, अधिक खोल. पाया नसलेल्याला तिथेही डंपच लागतो.

नियमांचंही स्पष्ट सांगतो. प्रश्न बाहेर न देण्याचा करार परीक्षेआधी तुम्ही स्वतः मान्य करता. गैरप्रकार आढळला तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. शिवाय कितीतरी डंपांमध्ये उत्तरंच चुकीची असतात, आणि ती ओळखायला लागणारं ज्ञान पाठ करणाऱ्याकडे नसतं.

सराव परीक्षा मात्र जरूर द्या. प्रत्येक पर्याय बरोबर का, चूक का, हे समजावणारा संच घ्या. 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका.

लॅबच्या वाटेला वेळ लागतो, हे खरं आहे. नोकरी सांभाळून रोज दीड तास दिला तरी तीन-चार महिने जातात. पैसे मात्र फारसे लागत नाहीत. पॅकेट ट्रेसर फुकट आहे. दोन राउटर जोडा, शेजार जुळवा, मग एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवा: आधी टायमर, मग एरिया, मग सबनेट. प्रत्येक वेळी `show ip ospf neighbor` काय दाखवतं ते वहीत लिहा. एमटीयूचा प्रयोग खऱ्या राउटरवर किंवा जीएनएसथ्रीवर करा.

ज्यांची परीक्षा पुढच्याच आठवड्यात आहे आणि तयारी फक्त डंपची आहे, त्यांनी आजच पिअर्सन व्ह्यूच्या खात्यातून तारीख पुढे ढकलावी.