अडवून ठेवणं की खोटा खटला: दावा कशाचा?

समजा, लातूरच्या कापड दुकानात १,८०० रुपयांची साडी चोरल्याच्या संशयावरून एका बाईंना गोदामात ४० मिनिटं बसवलं, शटर ओढलं. पिशवीत बिलासह दुसरीच साडी निघाली. तरी दुकानदारानं पोलिसांत तक्रार दिली, खटला चालला, बाई निर्दोष सुटल्या.

गोदामातली ४० मिनिटं म्हणजे बेकायदा अटकाव. इथं द्वेष किंवा नुकसान सिद्ध करावं लागत नाही. अडवणं कायदेशीर होतं हे दुकानदारानंच दाखवायचं. खासगी माणसाला अटक करता येते ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात (किंवा घोषित गुन्हेगाराला), आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. नुसता संशय पुरत नाही.

द्वेषमूलक खटल्याचं ओझं मात्र बाईंवर: खटला दुकानदारानंच चालवला, वाजवी कारण नव्हतं, हेतू दुष्ट होता, निकाल आपल्या बाजूनं लागला, नुकसान झालं. दावे बहुधा हेतूवरच अडकतात. बिल दिसल्यावरही तक्रार दिली, हाच इथं भक्कम पुरावा.

दोन्हींची मुदत एकच वर्ष, पण पहिल्याची सुटकेपासून, दुसऱ्याची निर्दोष सुटल्यापासून. खटल्याच्या निकालाची वाट बघत बसलात तर गोदामाचा दावा हातचा जातो.